कोपऱ्याला बांधलेली शेळी (इयत्ता दहावी, महत्त्वमापन)

उदाहरण : आटपाडीजवळच्या एका वस्तीवर 6 मी लांब, 4 मी रुंद असं पत्र्याचं आयताकृती शेड आहे. चारही बाजूंनी बंद, भोवती हरळी माजलेली. शेडच्या एका कोपऱ्यातल्या खांबाला, बाहेरून, जमिनीलगत कडी आहे आणि तिला शेळी बांधली आहे. कडीपासून शेळीच्या तोंडापर्यंत 7 मी अंतर पडतं. शेळी जास्तीत जास्त किती क्षेत्रफळातलं गवत खाईल? (π = 3.14)

आधी आकृती काढा. शेडच्या कोपऱ्यांना ओळीने क, ख, ग, घ नावं द्या. कख = 6 मी, कघ = 4 मी, शेळी क ला.

दरवर्षी निम्मा वर्ग पूर्ण वर्तुळातून शेड वजा करून मोकळा होतो : 153.86 − 24 = 129.86. उत्तर खऱ्याच्या जवळपास येतं, म्हणून चूक लवकर ध्यानात येत नाही. पण दावं पत्र्यातून आरपार जात नाही, ते कोपऱ्याला अडून वळतं. शेडमागे शेळी पोचते ती वळसा घालून, आणि वळशात दाव्याची लांबी खर्ची पडते.

रीत : क ला शेडचा कोन 90°, म्हणून बाहेर उरले 270°. तेवढ्या भागात दावं कुठेच अडत नाही. त्रिज्या 7 मी.

270/360 × 3.14 × 7² = 115.395 चौमी

आता शेळी कख भिंतीलगत ख पर्यंत गेली. 6 मी दावं भिंतीला चिकटलं, उरलं 1 मी. ख हे केंद्र धरून 90° ची छोटी वर्तुळपाकळी :

1/4 × 3.14 × 1² = 0.785 चौमी

दुसऱ्या अंगाने घ पर्यंत गेली, तर उरतात 7 − 4 = 3 मी :

1/4 × 3.14 × 3² = 7.065 चौमी

एकूण : 115.395 + 0.785 + 7.065 = 123.245 चौमी

म्हणजे सुमारे 123 चौमी, सव्वा गुंठ्याहून थोडं कमी. 0.785 सोडून देऊ नका. तो तुकडा दिसतो क्षुल्लक, पण शेळी तो सोडत नाही आणि तपासणाराही सोडत नाही. (खरोखर बांधणार असाल तर ख आणि घ च्या पत्र्याच्या कडेला सायकलचा जुना टायर बांधा, नाहीतर दावं आठवड्यात कापलं जाईल.)

सराव :

1) दावं 5 मी केलं तर? शेळी ख पर्यंत पोचतच नाही, त्यामुळे पाकळ्या किती, ते आधी ठरवा. (उत्तर : 59.66 चौमी)

2) दावं 10 मी केलं तर? (उत्तर : 276.32 चौमी)

3) 10 मी पेक्षा लांब दाव्याला हीच रीत का चालत नाही? दुसऱ्या गणितातल्या दोन छोट्या पाकळ्या ग जवळ कशा भेटतात, ते आकृतीत पाहा.