Submit दाबण्याआधी

ही यादी केंद्रात कॉम्प्युटरच्या बाजूला लावली आहे. पीकविमा असो, स्कॉलरशिप असो की कॉलेज प्रवेश, Preview पान उघडलं की माऊस सोडायचा आणि इथून सुरुवात करायची. गर्दी कितीही असो.

☐ कागद मालकाच्या हातात. ज्याचा फॉर्म आहे त्याने मूळ कागदावरून मोठ्यानं वाचायचं, आपण स्क्रीनवर बोट फिरवायचं. उलटं नको. आपण स्क्रीन वाचून दाखवली की काकाजी चुकीच्या आकड्यालाही "हो, हो" म्हणतात. वाचता येत नसेल तर सोबत आलेल्या पोरीनं वाचावं. टाइप ज्यानं केलं त्यानं एकट्यानं तपासलेलं धरायचं नाही, त्याच्या डोळ्याला जे टाकायचं होतं तेच दिसते.

☐ नाव. अक्षर अक्षर. वानखडे की वानखेडे? दोन्ही आपल्याच भागातली आडनावं, म्हणून अंदाज चालत नाही. आधारवर नाव आधी, दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी. फॉर्मनं कोणत्या कागदाप्रमाणे मागितलं ते पुन्हा वाचा. इंग्रजीत टाइप केल्यावर मराठी नाव आपोआप उमटत असेल तर ते वेगळं तपासा. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत माहेरचं नाव कोणत्या कागदावर आहे, सासरचं कोणत्या, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

☐ जन्मतारीख. दिवस आधी की महिना, ते पाहा. म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर बहुतेक वेळा १ जानेवारी असते आणि शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी लावलेली १ जून. जो कागद जोडला, त्याचीच तारीख.

☐ आकडे. आधार १२, मोबाइल १०, IFSC ११. आकडे चार-चारच्या तुकड्यांत वाचा. IFSC मधलं पाचवं अक्षर शून्य असते, इंग्रजी ओ नाही. पासबुक जुनं असेल तर कोड आजचा आहे का ते बँकेकडून पाहून घ्या. अलाहाबाद बँक २०२० मध्ये इंडियन बँकेत गेली आणि पासबुकवरचा जुना कोड पेटीत तसाच राहिला, असे लोक अजून येतात.

☐ पैसे कोणत्या खात्यात येणार? पैसे आधारवरून येणार असतील तर फॉर्ममधलं खातं बरोबर असून भागत नाही. आधारला त्यासाठी एका वेळी एकच बँक जोडलेली असते, पैसे तिथंच जातात. ती कोणती, ते मालकाला माहीत पाहिजे.

☐ जमीन. इथं सर्वात जास्त वेळ द्या. माणूस एकरात बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. २ एकर म्हणजे ०.८१ हेक्टर. एका खरिपात मी घाईत २.०० टाकलं, म्हणजे जवळपास पाच एकर. भाऊ शेजारी बसून चहा पीत होते, मीही चहा पीत होतो, कोणाच्याच लक्षात आलं नाही. अर्ज नामंजूर झाला तेव्हा समजलं. तेव्हापासून सातबारा स्क्रीनला टेकवून धरतो. गट नंबरचा पोटहिस्सा (४७/२ मधला २) सुटला नाही ना? गाव खुर्द की बुद्रुक? सामाईक खातं असेल तर आपल्या वाट्याचंच क्षेत्र. कपाशीत तूर असेल तर दोन्ही पिकांचं क्षेत्र मिळून सातबाऱ्याच्या वर जाऊ नये.

☐ जोडलेल्या फाइली. Preview वर नाव दिसते म्हणून सोडू नका, प्रत्येक फाइल उघडा. एकदा उत्पन्नाच्या दाखल्याच्या जागी एका पोराच्या वाढदिवसाचा फोटो निघाला होता. आडवी, अर्धी कापलेली, शिक्का न वाचता येणारी फाइल परत स्कॅन. दाखल्याची मुदत संपली का, तेही आत्ताच पाहा.

☐ प्रवर्ग आणि आरक्षण. प्रमाणपत्र हातात नसताना "मिळेल नंतर" म्हणून टिक करू नका. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये कॉलेजांचा क्रम पोराला स्वतः वाचू द्या, बापाला नाही.

☐ रिकाम्या चौकटी, घोषणापत्राची टिक. मालकाला सांगून मगच.

☐ मोबाइल चालू आहे का? OTP येईल तो फोन घरी राहिला असेल तर आज Submit नाही. Save करा, उद्या या.

चूक सापडली तर Edit ने मागे जा, ब्राउझरच्या बाणानं नाही. दुरुस्तीनंतर पूर्ण पान पुन्हा वरून वाचा. जिल्हा बदलला की तालुका आणि गाव कधी कधी कोरे होतात.

सगळ्या टिका झाल्या की मालकाला विचारा: "दाबू?" तो हो म्हणाला की एकदाच दाबा. तेवढ्यात लाइन गेली किंवा गोल चक्र फिरत राहिलं तर दुसऱ्यांदा दाबू नका, फी दुसऱ्यांदा भरू नका. लॉगिन करून आधी अर्ज गेला का ते पाहा. अर्ज क्रमांक वहीत, पावतीची एक प्रिंट मालकाच्या पिशवीत, एक आपल्या फाइलीत.