आमच्या सेवा आणि दर

(छापील कार्ड)

कर दरातच धरला आहे. खांद्याखाली केस असतील तर रंगाचा दर २० टक्के जास्त. कटला लांबीचा फरक नाही.

केस

कट, वॉश आणि स्पा · ९० मिनिटं · १८००
आधी कोरड्या केसांवर बोलणं: भोवरा कुठे आहे, कुठली बट बसत नाही, सकाळी केसांना किती वेळ देता. मग वॉश, टाळूचा मसाज, मास्क, वाफ, कट, ब्लो ड्राय. स्ट्रेटनर रोज लागत असेल तर नुसत्या कटपेक्षा हे घ्या.

कट आणि वॉश · ४५ मिनिटं · ९००
ब्लो ड्राय यातच.

नुसती फ्रिंज · १० मिनिटं · १५०
आमच्याकडच्या कटला ६ आठवडे झाले नसतील तर पैसे नाहीत.

रंग

बालायाज, टोनर आणि बाँड ट्रीटमेंट · ४ तास · ७५००
हाताने रंगवलेल्या छटा. मुळाशी ठळक रेघ नसते, म्हणून केस वाढले तरी लगेच धावत यावं लागत नाही. दर महिन्याच्या टचअपला कंटाळला असाल, तर एकदा याचा हिशेब करून बघा. पांढरे केस पूर्ण झाकायचे असतील तर मात्र हे नको, खालचं घ्या.

रूट टचअप आणि ग्लॉस · २ तास · २१००
टोकांचा उडालेला रंग मुळांशी जुळतो.

रूट टचअप · ९० मिनिटं · १६००
केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, तेव्हा ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा.

आधी गडद रंग किंवा मेंदी लावली असेल तर वेळ घेतानाच सांगा. रंगावर रंग चढवून केस उजळत नाहीत, जुना आधी काढावा लागतो. ती बैठक वेगळी. दर केस पाहून, काम सुरू करण्याआधी सांगू.

रंगाच्या ४८ तास आधी पॅच टेस्ट, मोफत. नेहमी येणाऱ्यांनाही.

त्वचा

फेशियल, मान-खांद्यांच्या मसाजसह · ७५ मिनिटं · १९००
क्लीनअप · ४० मिनिटं · ८००
भुवया, थ्रेडिंग · १५ मिनिटं · १००

रेटिनॉल लावत असाल तर चेहऱ्याचं वॅक्सिंग आम्ही करत नाही, साल निघू शकते. थ्रेडिंग करू.

(फोनवर, कोड स्कॅन केल्यावर)

आज काय करायचंय?
[केस] [रंग] [त्वचा] [ठरत नाहीये, आधी बोलायचंय: १५ मिनिटं, मोफत]

तुम्ही निवडलंत: कट आणि वॉश, ४५ मिनिटं, ९००.
स्पा जोडायचा? ४५ मिनिटं आणि ९०० वाढतील.
[जोडा] [नको, एवढंच]

तुम्ही निवडलंत: रूट टचअप, ९० मिनिटं, १६००.
पॅच टेस्ट झाली आहे?
[हो, इथेच] [नाही, टेस्टची वेळ द्या]