शिट्टी

"मशीनने शिट्टी मारली, की साचा असा आत दाबायचा," कानाचं मशीन देताना ऑडिऑलॉजिस्ट बाईंनी दाखवलं. ईराने ते इतकं मनावर घेतलं, की घरी येईपर्यंत वीसेक वेळा तरी दाबून झालं असेल.

ईरा सहा वर्षांची. तिला नीट ऐकू येत नाही हे आमच्या लक्षात उशिरा आलं, कारण ती फार हुशारीने ओठ वाचायची. मागून गेलो तरी वळायची. आम्हाला वाटायचं, ऐकू येतंय. तिला जमिनीतून आमच्या पावलांचा धक्का कळत होता. तपासणीच्या आलेखावरची रेघ डावीकडे जरा बरी होती, उजवीकडे मात्र खाली खाली उतरत गेलेली. उजवीकडे म्हणजे बारीक, उंच आवाज. बाईंनी तिथे पेन टेकवून म्हटलं, "स, फ, आणि पाखरं." बाकीचं बरंच विसरलो, हे तीन शब्द राहिले.

पहिले दोन दिवस घर नुसतं गोंगाटाचं झालं होतं. खुर्ची सरकली की ती दचकायची. कागद चुरगळला की दोन्ही हात कानांवर. संडासातल्या पाण्याच्या आवाजाला घाबरून रडलीसुद्धा. प्रत्येक वेळी एकच प्रश्न, "हे कोण करतंय?" सवय होईपर्यंत मशीन थोडा थोडा वेळ घालायचं ठरलं होतं. कधी कधी ती स्वतःच काढून डबीत ठेवायची, आणि तिचा चेहरा सैल व्हायचा. ते पाहून मला वाईट वाटायचं, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती चित्र काढत होती. एकदम उठली, स्वयंपाकघरात गेली, ओट्यापाशी टाचा उंचावून उभी राहिली. गॅस बंद होता.

"बाबा, कोण तळतंय?"

"कोणीच नाही."

"तळतंय!" तिने स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं.

मग मलाही ऐकू आलं. मी तिला खिडकीशी नेलं. तिच्यासाठी पाऊस म्हणजे काचेवरच्या रेघा, ओली पायताणं आणि बाहेर जायला असलेली बंदी. तिने काचेकडे पाहिलं, माझ्या ओठांकडे पाहिलं. "पाऊस," मी म्हणालो. तिने मान हलवली. नाही. मी पुन्हा म्हणालो.

त्यानंतर अर्धा तास ती खिडक्यांमागून खिडक्या फिरली. गॅलरीवर पत्रा होता, तिथे ताडताड. मागच्या झाडावर नुसती सळसळ. नळाखालच्या रिकाम्या बादलीत टप्, आणि बादली भरत गेली तसा तो टप् जाड होत गेला. ते तिनेच दाखवलं, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. शेवटी तिने निकाल दिला.

"पाऊस गप्पच असतो. पत्रा ओरडतो."

आणि तिने डोकं बाहेर काढलं.

"ईरा! मशीन भिजेल!" मी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडलो. पाठमोरी होती ती. मी जागचा हललोही नव्हतो.

ती वळली.

मी काही बोललो नाही. तिला वाटलं मी रागावलोय, म्हणून तिने मुकाट्याने मशीन काढली, डबीत ठेवली, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पावसात घातले. भिजून झाल्यावर केस, कान नीट पुसून पुन्हा घातली.

पाऊस ओसरला तेव्हा ती कपाळाला आठ्या घालून उजवा साचा दाबत होती. मग डावा. मग दोन्ही एकदम.

"शिट्टी मारतंय. थांबत नाही."

मी कान तिच्या कानाजवळ नेला. मशीन गप्प होतं. साचा घट्ट बसलेला होता. मी बाहेर पाहिलं, मग तिची हनुवटी धरून मागच्या झाडाकडे वळवली. ओल्या फांदीवर मुठीएवढं पाखरू बसलं होतं. त्याचं नाव मला ठाऊक नाही. चोच उघडी, गळा थरथरत होता. बोलताना गळा हलतो हे ईराइतकं कोणाला माहीत असणार? त्याचा गळा थांबला, शिट्टी थांबली. गळा हलला, शिट्टी आली. तिची बोटं अजून साच्यावरच होती, पण आता दाबत नव्हती.

"ते जांभई देत नाही?" तिने विचारलं.

इतकी वर्षं तिला तसं वाटत होतं.

रात्री मशीनच्या बॅटरीचं दार उघडून, मशीन डबीत ओलावा शोषणाऱ्या पुडीशेजारी ठेवायची, हे काम तिने माझ्याकडून काढून घेतलं. सकाळी मला जाग आली ती खिडकीशी चाललेल्या धडपडीने. ईरा उभी होती, एक साचा अर्धवट कानात, दुसरा मुठीत, आणि फांदीवरच्या उघडझाप करणाऱ्या चोचीकडे पाहून ती घाईघाईने सांगत होती,

"थांब, थांब. अजून घातलं नाही मी."