जूनपासून नवी फी आणि बॅचच्या नव्या वेळा (८वी, ९वी, १०वी गणित)

नमस्कार पालक,

मेसेज लांबलचक आहे, पण एकदा सवडीने पूर्ण वाचा. मुलांना फक्त वेळा सांगा, फीचं आपण मोठी माणसं बघू.

आधी मुद्द्याचं. जूनपासून आपल्या ऑनलाइन क्लासची मासिक फी अशी राहील:

८वी – ९०० ऐवजी १०५० रुपये
९वी – १००० ऐवजी १२०० रुपये
१०वी – १२०० ऐवजी १४५० रुपये

नव्या वेळा सोमवार, १५ जूनपासून:

८वी – सोम, बुध, शुक्र, संध्याकाळी ५.३० ते ६.३०
९वी – सोम, बुध, शुक्र, संध्याकाळी ६.४५ ते ७.४५
१०वी अ – मंगळ, गुरू, शनि, संध्याकाळी ५.३० ते ७.००
१०वी ब – मंगळ, गुरू, शनि, रात्री ८.०० ते ९.३०

एक रविवार सोडून एक, सकाळी १० वाजता १०वीची चाचणी. ८वी-९वीची चाचणी महिन्यातून एकदा, क्लासच्या वेळेतच.

पहाटेची ६ ची बॅच बंद करते आहे. मला स्वतःला ती वेळ फार आवडायची. पण गेल्या वर्षी बऱ्याच शाळांनी वरचे वर्ग दुपारऐवजी सकाळच्या सत्रात घेतले. पावणेसातला मुलं घराबाहेर पडायची, त्यामुळे २६ जणांच्या बॅचमध्ये दिवाळीनंतर १४-१५ च दिसायची. त्यातलीही दोन-तीन रिक्षात बसून कानात हेडफोन घालून. रिक्षात बसून समरूपता कळत नाही हो. प्रमेय ऐकायचं नसतं, आकृती काढत काढत लिहायचं असतं.

रात्री ८ च्या वेळेला काही जणांची नाराजी असणार, कारण ती जेवणाची वेळ. (माइक सुरू राहिला की कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मला मोजता येतं.) पण ही बॅच मुद्दाम ठेवली आहे. आपल्या क्लासमध्ये आठ-नऊ घरं अशी आहेत जिथे एकच मोबाइल आहे आणि तो बाबांबरोबर कामावर जातो. त्यांना संध्याकाळी ५.३० ची बॅच देऊन काय उपयोग? म्हणून १०वी ब मध्ये पहिला हक्क त्यांचा. बाकीच्यांनी शक्यतो अ बॅच घ्यावी. उद्या ग्रुपवर पोल टाकते, त्यात २० मेपर्यंत पसंती कळवा. दोन्ही बॅचमध्ये १२-१२ मुलं बसवायची आहेत, त्यामुळे दोन-चार जणांना मी फोन करून विनंती करेन.

आता फीबद्दल. जून २०२३ नंतर मी फी वाढवलेली नाही. १०वीचा हिशोब सरळ आहे. आतापर्यंत महिन्याला १२ तास, प्रत्येक सव्वा तासाचा, म्हणजे १५ घड्याळी तास आणि फी १२००. यापुढे तेच १२ तास दीड-दीड तासाचे, म्हणजे १८ घड्याळी तास आणि फी १४५०. तासाला तेव्हा ८० रुपये पडायचे, आताही साधारण तेवढेच. शिवाय २६ मुलांच्या एका बॅचऐवजी १२ मुलांच्या दोन, म्हणजे मला तेच प्रकरण दोनदा शिकवायचं आहे. ते मी आनंदाने करेन, कारण २६ चौकोनांच्या स्क्रीनवर मागे बसणारी मुलं कोण, हे मला तीन महिने कळत नव्हतं.

८वी आणि ९वीचं मात्र तसं नाही. तिथे तासाची लांबी तीच आहे, त्यामुळे ही खरोखरची वाढ आहे: ८वीला साधारण १७ टक्के, ९वीला २० टक्के. उगाच गोड करून सांगत नाही. हे पैसे मुख्यतः पेपर तपासणीला जातील. जूनपासून माझ्या मदतीला एक बी.एस्सी. झालेली ताई येते आहे. चाचणीचा पेपर मुलं फोटो काढून पाठवतात, तो मोबाइलवर मोठा करून तपासायला एका मुलामागे वीस मिनिटं लागतात. भौमितिक रचना असल्या तर आणखी, कारण कंसाची खूण फोटोत दिसतच नाही. गेल्या वर्षी मी पेपर दहा-दहा दिवसांनी परत देत होते आणि तोवर मुलं चूक विसरलेली असायची. आता चार दिवसांत परत मिळतील, चुकीच्या पायरीवर लाल खूण करून. १०वीत पायऱ्यांना गुण असतात. भाग १ आणि भाग २ च्या ४०-४० गुणांच्या लेखी पेपरात उत्तर बरोबर असूनही पायरी गाळल्याने गुण जातात, आणि ते घालवणारी मुलं हुशार असतात, हे जास्त लागतं.

बाकी खर्च तुम्हाला माहीत आहेतच: इन्व्हर्टरची नवी बॅटरी, दुसरं इंटरनेट कनेक्शन. पावसाळ्यात लाईट गेली म्हणून गेल्या जुलैत चार तास बुडाले होते, ते भरून काढायला रविवार गेले. यंदा तसं होऊ नये.

"मॅडम, यावर जीएसटी पण लागणार का?" हा प्रश्न गेल्या वर्षी अर्थनियोजनाचं प्रकरण शिकवताना एका मुलानेच विचारला होता. नाही लागणार. माझी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुष्कळ खाली आहे. वर लिहिलेली रक्कम तीच शेवटची.

कुणाला जुनी फी लागू राहील तेही लिहिते. एप्रिलपासून सुट्टीच्या बॅचला आलेल्या १०वीच्या १६ मुलांच्या पालकांना मी तेव्हा १२०० सांगितले होते. दिलेला शब्द आहे, त्यामुळे त्यांना दिवाळीच्या सुट्टीपर्यंत १२०० च. वर्षाची फी आधीच भरलेल्यांकडून वरचा एकही रुपया घेणार नाही. दोन भावंडं असतील तर धाकट्याची फी निम्मी, हे पूर्वीसारखंच.

ज्यांना ही वाढ जड जाईल त्यांनी ग्रुपवर न लिहिता मला वैयक्तिक मेसेज करावा. मी कागदपत्रं मागत नाही, कारणही विचारत नाही. तुम्हाला किती जमेल तेवढं सांगा. फीपायी या क्लासमधून आजवर एकही मूल गेलेलं नाही आणि मुलाला ही गोष्ट कळणारही नाही.

फी महिन्याच्या १० तारखेपर्यंत, नेहमीच्याच यूपीआय नंबरवर. पाठवताना मुलाचं नाव आणि इयत्ता लिहा. मागच्या महिन्यात "फी" एवढंच लिहिलेले तीन व्यवहार आले आणि कुणाचे ते शोधण्यात माझी एक दुपार गेली. गणपतीत पाच दिवस क्लास बंद असेल, त्याचे पैसे वजा होत नाहीत. माझ्यामुळे तास बुडाला तर भरून देईन.

विदर्भातल्या पालकांसाठी: तुमच्याकडे उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात, पण आपला क्लास १५ जूनलाच सुरू होईल. मुलं त्या वेळी गावी असतील तर रेकॉर्डिंग सात दिवस ठेवते. डेटा कमी असेल तर व्हिडिओ बंद ठेवून फळा आणि आवाज पुरतो. प्रश्न विचारला की उत्तर मात्र माइक सुरू करून द्यायचं, चॅटमध्ये "येस मॅडम" चालणार नाही.

ज्यांना पुढे चालू ठेवायचं नाही त्यांनी ३१ मेपर्यंत कळवा, म्हणजे थांबलेल्या मुलांना जागा देता येईल. काही विचारायचं असेल तर दुपारी २ ते ४ मध्ये फोन करा, याच नंबरवर. संध्याकाळी ५ नंतर मी फोन उचलत नाही, तेव्हा तुमचीच मुलं समोर असतात.

– कुलकर्णी मॅडम
१२ मे