पहिले शंभर कस्टमर: भोसरीचा प्लॅन, ऑगस्ट ते मार्च

सगळ्यांनी एकदा नीट वाचा, सोमवारी यावरच बोलायचंय.

आपलं जॉबवर्कच्या चलनांचं सॉफ्टवेअर आपण कोणाला विकतोय ते आधी. "सगळे एमएसएमई" हे उत्तर बंद. भोसरी एमआयडीसीतले सीएनसी-व्हीएमसीवाले, १० ते ५० माणसं, ज्यांचा माल प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, पावडर कोटिंगला बाहेर जातो. चाकण नंतर. मागच्या आठवड्यात एका शॉपमध्ये बघितलं, स्टोअरवाल्याने खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेलं "५०० गेले ४८७ आले", आणि ते १३ कुणाचे यावरून शेठ आणि प्लेटिंगवाला फोनवर अर्धा तास भांडत होते. आपण ते १३ पीस विकतोय, सॉफ्टवेअर नाही, हे डेमोत लक्षात ठेवा.

पहिले १० आपण तिघांनीच आणायचे. चलन बुकचे फोटो काढून जुनी एंट्री आपणच मारून द्यायची, पहिले १५ दिवस रोज संध्याकाळी डिस्पॅचच्या वेळी तिथे उभं राहायचं. गुरुवारी एमआयडीसी बंद, त्या दिवशी कॉलिंग आणि डेमोची तयारी. फुकट कोणालाच नाही, वर्षाला १२,००० अधिक जीएसटी, पहिल्या दहांना ६,०००. फुकट दिलेलं कोणी उघडूनही बघत नाही हो, हे आपण मागच्या प्रॉडक्टला भोगलंय.

पुढचे ३० सीएंकडून. ज्यांचा टर्नओव्हर ५ कोटींच्या वर आहे त्यांना जॉबवर्कला गेलेल्या मालाचा एप्रिल-सप्टेंबरचा जीएसटी फॉर्म आयटीसी-०४ हा २५ ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो, आणि जॉबवर्कला गेलेला कच्चा माल वर्षात परत आला नाही तर पाठवला त्या दिवसापासून सप्लाय धरून टॅक्स लागतो. सीएच्या ऑफिसात तेव्हा चलनांचे गठ्ठे येऊन पडतात. म्हणून सप्टेंबरात १५ सीएंना भेटायचं, कमिशनचं बोलायचं नाही, त्यांच्या आर्टिकलशिपच्या पोरांना तयार एक्सेल कशी निघते एवढंच दाखवायचं.

उरलेले ६० साखळीतून. एका शॉपचे आठ-दहा जॉबवर्कवाले असतात, त्यांना चलनाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, माल मिळाला म्हणून ते तिथेच टिक करतात, ते फुकट. स्वतःचं चलन काढायचं म्हटलं की पैसे. हे चाललं नाही तर शंभर होणार नाहीत, तेव्हा लिंकचं काम बाकी सगळ्या फीचरच्या आधी.

जाहिरातीला शून्य. एक्झिबिशनचा स्टॉलपण नको.

अंदाज असा: दोघांनी मिळून दिवसाला १० शॉपच्या गेटवर जायचं, महिन्याला २४०, त्यातून ४० डेमो, ६ पैसे देणारे. जानेवारीपर्यंत ४० झाले नाहीत तर किंमत नाही, एरिया बदलायचा. आणि कस्टमर मोजायचा तो तिसऱ्या महिन्यातही चलन काढतोय तोच, नुसता चेक दिलेला नाही.

सोमवारी येताना प्रत्येकाने ओळखीच्या पाच शेठांचे नंबर आणा, आणि त्यांच्या स्टोअरवाल्याचं नावपण.