अकरावी सायन्सचे प्रवेश सुरू: फी भरण्याआधी हे वाचा

नमस्कार पालकहो,

दहावीच्या निकालानंतर सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत टॉपरांचे फ्लेक्स लागतात. आमचा फ्लेक्स नाही. त्याऐवजी गेल्या बॅचचा निकाल, अख्खा:

अकरावीला ७६ मुलं आली. वाटेत ९ जणांनी क्लास सोडला. उरलेल्या ६७ जणांनी एमएचटी-सीईटी पीसीएम दिली. ९५ पर्सेंटाइलच्या वर ६, ९० ते ९५ मध्ये ११, ८० ते ९० मध्ये १९ आणि ८० च्या खाली ३१. म्हणजे जवळपास निम्मी मुलं ८० च्या आत राहिली. हा आकडा कोणी छापत नाही, पण तुमचं मूल त्यातही असू शकतं, म्हणून छापतोय. आणि ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत. परीक्षा दिलेल्या शंभरांतल्या साधारण नव्वद जणांच्या बरोबरीला किंवा पुढे, एवढाच त्याचा अर्थ.

मुलं कुठे अडकतात, तेही सांगतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले दोन महिने फिजिक्स नव्हे, इंग्रजी अडवतं. 'त्वरण' पक्कं येत असतं, पण प्रश्नात 'अ‍ॅक्सिलरेशन' दिसलं की पेन थांबतो. म्हणून पहिले सहा आठवडे रोज १५ मिनिटं फक्त शब्द: संवेग–मोमेंटम, जडत्व–इनर्शिया, असे रोज दहा. त्यातूनही काही मुलं दिवाळीपर्यंत चाचपडतात. तोवर घरी 'अमक्याला कसं जमतं' हे टाळा.

दुसरी अडचण वेळेची. सीईटीच्या सध्याच्या पॅटर्नमध्ये फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, पण प्रत्येकी २ गुण. २०० पैकी १०० गुण एकट्या मॅथ्सचे, त्यामुळे मॅथ्स कच्चं ठेवून चांगली रँक मिळणं अवघड. निगेटिव्ह मार्किंग नाही. तरीही सरावात मुलं प्रश्न कोरे सोडतात, ही सवय मोडायला दोन-तीन चाचण्या जातात. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात, आणि अकरावीची त्रिकोणमिती कच्ची राहिली की बारावीचं इंटिग्रेशन अडतं. 'अकरावी आरामाची' हे डोक्यातून काढा.

काय देतो: एका बॅचला ४० मुलं, सोमवार ते शनिवार दुपारी ४ ते ७.१५. शनिवारी चाचणी, उत्तरपत्रिका मंगळवारी घरी. रविवार सुट्टी. गड्ड्याच्या यात्रेत दोन दिवस क्लास बंद, त्या दिवसांत मुलं तशीही वर्गात नसतात!

काय देत नाही: नीट आणि जेईई. त्यांची बॅच आमच्याकडे नाही, त्यासाठी दुसरीकडे जा. कॉलेजची हजेरी 'मॅनेज' करून देत नाही, ७५ टक्के हजेरी मुलानेच भरायची. रँकची किंवा मार्कांची गॅरंटीही नाही. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा हमीला मनाई आहे, आणि ती नसती तरी आम्ही दिली नसती.

फी: अकरावीच्या दहा महिन्यांचे ४८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ८,६४०, एकूण ५६,६४० रुपये. १४,१६० चे चार हप्ते. नोट्स आणि चाचण्या यातच, मागाहून काही निघत नाही. प्रत्येक हप्त्याची पावती मागून घ्या. पूर्ण फी भरून मूल तीन महिन्यांनी थांबलं, तर उरलेल्या सात महिन्यांचे, मूळ फीतले ३३,६०० रुपये दहा दिवसांत परत. हे प्रवेश अर्जाच्या मागे छापलंय, सही करण्याआधी वाचा. कुठल्याही क्लासला जा, हा कागद मागाच. 'परतावा नाही' असं तोंडी सांगणाऱ्याकडून तर लेखी घ्याच.

मोहोळ-अक्कलकोटहून ये-जा करणाऱ्यांनी नीट विचार करावा. रोजचे दोन-अडीच तास प्रवासात जातात आणि सव्वासातला सुटलेलं मूल घरी जेवतं नवाला. अभ्यास पहाटेच करावा लागेल, ते जमणार असेल तरच या.

१५ जूनपासून पहिला आठवडा विनाशुल्क आहे. त्याआधी पैसे घेत नाही, 'शेवटच्या पाच जागा' असंही सांगत नाही. भेटायची वेळ रोज सकाळी १० ते १२, जुळे सोलापुरातल्या क्लासवर. येताना दहावीची गुणपत्रिका आणा आणि मुलाला सोबत घेऊन या. वीस मिनिटांची गणिताची छोटी चाचणी होईल. ती प्रवेश नाकारण्यासाठी नाही, कुठून सुरुवात करायची ते ठरवण्यासाठी. मागच्या बॅचच्या चार पालकांनी बोलायची तयारी दाखवली आहे. त्यात एकाचं मूल ८० च्या खाली आहे, त्यांच्याशी आधी बोला.