‘११ जणांना पाठवा’वाल्या मेसेजबद्दल, मंडळातल्या सगळ्यांसाठी

जय हरी मंडळी,

जरा लांबलचक लिहितेय, पण वाचा. हे फॉरवर्ड नाही, स्वतः टाइप केलंय, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका माझ्याच.

मंगळवारी रात्री आपल्या ग्रुपवर सप्तशृंगी देवीच्या फोटोचा मेसेज आला. गडावर कुणाला तरी दृष्टांत झाला म्हणे. रात्री १२ च्या आत ११ जणांना पाठवा, तीन दिवसांत शुभवार्ता येईल. एकाने डिलीट केला तर त्याचा मुलगा आजारी पडला. तासाभरात तो आपल्यातल्या चौघींनी इथेच टाकला. नावं घेत नाही, रागावलेलीही नाही.

पण त्या रात्री एका काकूंकडे काय झालं ते त्यांना विचारूनच सांगते. त्यांच्या मुलाला पुण्यात डेंग्यू झालाय. मेसेज वाचला आणि त्यांच्या पोटात गोळाच आला. ११.४० ला, चष्मा सापडेना म्हणून मोबाईल नाकाशी धरून, अंधारात पलंगाच्या कडेवर बसून एकेक नाव दाबत होत्या. आठ झाले, तीन उरले. मग गॅसवाला, प्लंबर आणि विहीणबाई. सकाळी प्लंबरचा फोन, “काकू, नळ गळतोय का?” आम्ही दोघी खूप हसलो. पण रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता आणि सकाळी बीपी वाढलेलं, तेही खरं.

मी पोस्टात नोकरी केली, तुम्हाला माहीत आहे. ऐंशीच्या दशकात हाच मेसेज पोस्टकार्डावर यायचा. काउंटरवर कुणी एकदम २१ कार्डं मागितली की आम्ही समजून जायचो. पंधरा पैशांचं कार्ड, ३ रुपये १५ पैसे, बहुतेक जण सुटे मोजूनच आणायचे. एकाच अक्षरातली, सही नसलेली कार्डं सॉर्टिंगला आली की आम्ही ओळखायचो. त्या प्रत्येकातही एक लॉटरी लागलेला आणि एक दुर्लक्ष करून मेलेला असायचाच. गावाचं नाव मात्र कधी नसायचं. आता पैसेही लागत नाहीत, म्हणून जोर वाढलाय, एवढाच फरक.

आपण वारी करतो, एकादशी करतो. आई ११ जणांची यादी मागते आणि दिली नाही तर लेकराला आजारी पाडते, हे तुम्हाला तरी पटतं का? मला तर देवीचाच अपमान वाटतो.

दुसरं म्हणजे लिंक. असल्या मेसेजखाली पुष्कळदा ‘दर्शन पास’, ‘मोफत प्रसाद घरपोच’ असं निळ्या अक्षरात असतं. दाबलं की नाव, नंबर, मग ओटीपी, नाहीतर .apk फाईल उतरवायला सांगतात. ती घेतली की मोबाईलमधले मेसेज दुसऱ्याला दिसू शकतात, बँकेचेसुद्धा. सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा स्नानाच्या आणि राहण्याच्या नावाने असलं आणखी येणार, धरून चाला. कुणाचे पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. cybercrime.gov.in वरही तक्रार करता येते.

आणि ‘पाठवला तर बिघडलं काय’ म्हणणाऱ्यांसाठी: जुलै २०१८, आपल्या शेजारचा धुळे जिल्हा, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. पुढे पाठवणाऱ्या कितीतरी जणांनी तोही मेसेज काळजीपोटीच पाठवला असेल.

तेव्हा एवढं बघत जा. मेसेजवर दोन बाणांची खूण दिसली की तो निदान पाच हात फिरून आलाय. आपल्याला पाठवणारीला तो कुणी लिहिला हे माहीत असणं कठीणच. तारीख आहे का, गावाचं नाव आहे का, बघा. देवस्थानाची बातमी असेल तर देवस्थानाच्या वेबसाईटवर किंवा पेपरात असेलच. औषधाचं असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारा. नाहीच कळलं तर मला एकटीला पाठवा, मी नातीला बसवून शोधते. रात्री दहानंतर मात्र नको, ती झोपते.

आजपासून ‘इतक्या जणांना पाठवा’वाला मेसेज दिसला की मी अ‍ॅडमिन म्हणून तो सगळ्यांसाठी डिलीट करणार. अगदी अध्यक्षीणबाईंचा असला तरी. रुसू नका. अभंग, सणाचे फोटो, नातवंडांचे वाढदिवस खुशाल टाका. सुप्रभातची फुलंही चालतील, फक्त एकीने एकच.

काकूंचा मुलगा आता बरा आहे, प्लेटलेट वाढल्यात. (११ पुरे व्हायच्या आधीच वाढायला लागल्या होत्या, रिपोर्ट संध्याकाळचा होता!)

गुरुवारी भजन साडेचारला, नेहमीच्या जागी. पेटी माझ्याकडे आहे, टाळांची पिशवी कुणाकडे राहिलीय ते कृपया कळवा.